आपलाच कच्चा खर्डा आपल्यावर कसा उलटतो

प्रबंध विद्यापीठात रीतसर जमा करण्याआधी ‘एकदा बघून तर घेऊ, किती टक्के येतंय’ म्हणून ओळखीच्या सरांच्या खात्यातून त्याचं इतर लेखनाशी असलेलं साम्य सॉफ्टवेअरवर तपासून घ्यायची आपल्याकडे सवय आहे. पहिला रिपोर्ट बरा येतो, आठ टक्के, दहा टक्के. विद्यार्थी खूश होतो, जिथे साम्य दाखवणारा रंग आलाय तिथली वाक्यं नीट करतो, थोडी भर घालतो. काही महिन्यांनी सुधारलेली प्रत अधिकृत तपासणीला जाते आणि रिपोर्टवर ऐंशीच्या पुढचा आकडा लाल रंगात उभा असतो. लेखन सुधारलं, साम्य मात्र दसपट झालं.

अशा वेळी ग्रंथालयाच्या काउंटरवर ऐकू येणारा प्रश्न ठरलेला असतो. “मॅडम, माझंच लिखाण मी चोरलं कसं?” प्रश्न रास्त आहे. चोरी झालेलीच नाही. झालंय एवढंच की पहिल्या तपासणीच्या वेळी दिलेली फाईल तपासून परत मिळाली, असं विद्यार्थ्याला वाटलं. प्रत्यक्षात ती तिथेच राहिली, आणि आता नवी फाईल तिच्याशीच ताडून पाहिली गेली.

हे समजायला आधी तपासणारं सॉफ्टवेअर नेमकं काय करतं ते पाहायला हवं. ते लेख वाचत नाही, त्याला अर्थ कळत नाही, लेखक कोण हे तर त्याच्या गावीही नसतं. ते फक्त शब्दांच्या रांगा जुळवतं. व्यापारी कंपन्या आपली पूर्ण कृती सांगत नाहीत, पण मूळ तत्त्व उघड आहे. श्लायमर, विल्करसन आणि एकेन या तिघांनी २००३ साली ‘विनोइंग’ नावाची एक पद्धत मांडली. प्रोग्रॅमिंगच्या असाइनमेंटमधली नक्कल पकडणारं ‘मॉस’ हे स्टॅनफर्डशी जोडलेलं सॉफ्टवेअर त्याच पद्धतीवर चालतं. ती पद्धत थोडी सोपी करून एका वाक्यावर चालवून बघू.

समजा प्रबंधात हे वाक्य आहे: ‘ससून डॉकवर पहाटे मासळीचा लिलाव सुरू होतो तेव्हा शहर अजून झोपलेलं असतं.’ बारा शब्द. सॉफ्टवेअर आधी विरामचिन्हं, जादा मोकळ्या जागा, ठळक-तिरका ठसा असलं सगळं झाडून टाकतं. मग पाच-पाच शब्दांचे तुकडे पाडतं, पण एकापुढे एक नाही, एकावर एक सरकते. पहिला तुकडा ‘ससून डॉकवर पहाटे मासळीचा लिलाव’, दुसरा ‘डॉकवर पहाटे मासळीचा लिलाव सुरू’, तिसरा ‘पहाटे’पासून, असे आठ तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याचा गणिती सूत्राने एक आकडा काढला जातो. तेच पाच शब्द त्याच क्रमाने कुठेही आले की आकडा तोच येणार. एक अक्षर बदललं तरी तो पार वेगळा येणार. या सगळ्या आकड्यांतले काही ठराविक नियमाने निवडून ठेवले जातात, म्हणजे साठा आटोक्यात राहतो. त्या वाक्याचा हा ठसा.

हे ठसे जिथे जातात ती जागा म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी एक प्रचंड शब्दसूची समजा. पुस्तकात शब्दापुढे पानांचे आकडे असतात, इथे ठशापुढे कागदपत्रांचे क्रमांक. अमुक ठसा कुठे कुठे आढळला? तमुक वेबसाईटवर, तमुक जर्नलच्या लेखात, आणि तमुक विद्यार्थ्याने जमा केलेल्या फाईलमध्ये. नवी फाईल आली की तिचे ठसे काढायचे, सूचीत शोधायचे, आणि ज्या क्रमांकाशी जास्त ठसे जुळतील त्याचा मजकूर समोर घेऊन कुठपासून कुठपर्यंत जुळतंय ते मोजायचं. रिपोर्ट म्हणजे एवढंच.

आता क्रम लक्षात घ्या, कारण सगळी गोम तिथे आहे. फाईल आली की ती आधी सूचीतल्या जुन्या मालाशी ताडली जाते. त्यानंतर ती स्वतः सूचीत दाखल होते. पहिल्या वेळी तुमचा खर्डा सूचीत नव्हताच, म्हणून रिपोर्ट स्वच्छ आला. रिपोर्ट हातात पडल्यावर मागच्या दाराने खर्डा आत गेला. दुसऱ्या वेळी तीच प्रत किंवा तिची सुधारलेली आवृत्ती आली, तेव्हा तिच्या बहुतेक ठशांपुढे एक क्रमांक आधीच लिहिलेला होता. तो तुमच्याच खर्ड्याचा.

दाखल व्हायला थोडा वेळ लागू शकतो. एकाच दुपारी दोनदा तपासून काहीच फरक दिसला नाही म्हणून काही जण निर्धास्त होतात आणि नंतर आकडा उडी मारतो, त्याचं कारण हे असू शकतं. आणि उडी मारतो तो फक्त नव्या प्रतीचा. जुना रिपोर्ट पुन्हा काढला नाही तर तो आठ टक्क्यांवरच राहतो. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले की जुनं लेखन अस्सल आणि नवं नक्कल असं दिसतं. वेळ उलटी असती तर निकालही उलटा असता.

‘पण माझं नाव तर दोन्हीवर आहे ना?’ नाव असतं, पण कुठे? शिक्षकाने आपल्या खात्यातून थेट फाईल चढवली तर लेखकाच्या नावाचा रकाना हाताने भरलेला असतो. तिथे ‘एस. पाटील’ लिहिलं काय, ‘सुनीता पाटील’ लिहिलं काय, किंवा घाईघाईत ‘थिसिस चॅप्टर ३’ लिहिलं काय, सॉफ्टवेअरला ते फक्त लेबल. त्यावरून ‘ही तीच व्यक्ती’ असा अर्थ ते काढत नाही, आणि काढूही नये. नाहीतर दुसऱ्याच्या नावाची पाटी लावून कुणीही तपासणीतून सुटला असता.

एका ठिकाणी मात्र ‘तीच व्यक्ती’ म्हणून सूट मिळते. टर्निटिन या साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये विद्यार्थ्याने स्वतःच्या लॉगिनने, त्याच असाइनमेंटमध्ये, पुन्हा फाईल दिली तर नवी प्रत जुनीची जागा घेते आणि जुनीशी जुळणी धरली जात नाही. अशा तीन पुनर्प्रयत्नांनंतर पुढच्या रिपोर्टसाठी २४ तास थांबावं लागतं. वाक्यं इकडून तिकडे हलवून आकडा खाली येतोय का हे बघत बसणाऱ्यांना तो लगाम आहे. पण ही सवलत त्या एका असाइनमेंटपुरती. खर्डा दादरच्या एखाद्या कॉलेजात ओळखीच्या सरांच्या खात्यातून गेला आणि अंतिम प्रत दुसऱ्या संस्थेतून गेली, तर दोन्हींना जोडणारा धागा सॉफ्टवेअरकडे नसतो.

आता आकडे घेऊन एक उदाहरण सोडवू. समजा घाटकोपरला राहणारी एक विद्यार्थिनी मुंबईतल्या कोळीवाड्यांमधल्या मासळी विक्रेत्या बायकांवर पीएचडी करते आहे. तिचं एक प्रकरण ८,००० शब्दांचं आहे. पहिल्या तपासणीत ८८० शब्द बाहेरच्या स्रोतांशी जुळले, म्हणजे ११ टक्के. तिने मन लावून काम केलं. जुळलेल्या ८८० पैकी ५०० शब्दांचा मजकूर स्वतःच्या भाषेत नव्याने लिहिला आणि क्षेत्रभेटींच्या नोंदींवर आधारलेले ७०० शब्द वाढवले. त्या सातशेमध्ये एका सरकारी अहवालातले १३० शब्द जसेच्या तसे उतरले. प्रकरण आता ८,७०० शब्दांचं झालं.

नव्या प्रतीत जुन्या खर्ड्यातून आलेला मजकूर किती? आठ हजारातून बदललेले पाचशे वजा केले की ७,५००. सीमेवरचे चार-दोन शब्द सोडून देऊ. ७,५०० भागिले ८,७००, म्हणजे ८६ टक्के. शिवाय अहवालातले १३० शब्द, म्हणजे दीड टक्का. रिपोर्टवर एकूण ८८ टक्के येतील, आणि उजव्या बाजूच्या यादीत पहिल्या क्रमांकावर ८६ टक्क्यांचा एकच स्रोत, त्याखाली १ टक्क्याचा सरकारी अहवाल.

इथे बहुतेक जण, गाईडसुद्धा, एक वजाबाकी करतात. ‘८८ मधले ८६ तर तुझेच आहेत, उरले २. झालं काम.’ हे चुकीचं आहे, आणि यावेळी चूक विद्यार्थिनीच्या बाजूने आहे, म्हणून कुणी हरकत घेत नाही.

पहिल्या रिपोर्टमधले ८८० शब्द आठवा. त्यातले ५०० तिने बदलले, ३८० अजून तसेच आहेत. ते बाहेरच्या स्रोतांशी आजही जुळतात. मग यादीत ते दिसत का नाहीत? कारण ते ३८० शब्द तिच्या जुन्या खर्ड्यातही होते. एकच ओळ दोन ठिकाणी जुळत असेल तर सॉफ्टवेअर ती दोनदा मोजत नाही, ज्या स्रोताशी जुळणी मोठी त्याच्या नावावर टाकतं. खर्डा इतका मोठा स्रोत आहे की बाकीचे सगळे त्याच्या पोटात गेले. खर्डा वगळून हिशेब पुन्हा केला की ते वर येतात: ३८० अधिक १३०, म्हणजे ५१० शब्द, आणि ५१० भागिले ८,७०० म्हणजे जवळपास ६ टक्के. खरा आकडा २ नव्हे, ८८ तर नव्हेच. तो ६ आहे.

म्हणून तोंडी वजाबाकी कधीच करू नये. रिपोर्टमध्येच तो एक स्रोत वगळून टक्केवारी पुन्हा काढायची. टर्निटिनमध्ये ही सोय शिक्षकाच्या बाजूने आहे: स्रोत उघडायचा, वगळायचा, आकडा आपोआप नवा होतो आणि लपलेले स्रोत खाली उगवतात. कधी कधी तेव्हाच कळतं की खर्डा स्वतःच काही फार स्वच्छ नव्हता.

आता प्रश्न येतो की तो ८६ टक्क्यांचा स्रोत आपलाच खर्डा आहे हे ओळखायचं कशावरून. अनुभवी माणूस रिपोर्ट उघडताच ओळखतो, कारण उचलेगिरीचा रिपोर्ट असा दिसत नाही. इकडून तिकडून उचललेल्या मजकुरात रंग वेगवेगळे असतात, तुकडे असतात, मध्ये मोकळी पानं असतात. इथे पानंच्या पानं एकाच रंगात असतात आणि सगळी एकाच स्रोताकडे बोट दाखवतात. स्रोताचं नाव वेबसाईटचं किंवा जर्नलचं नसतं. ‘Submitted to’ आणि पुढे एखाद्या संस्थेचं नाव, खाली प्रकार म्हणून `Student Paper`. ही संस्था म्हणजे जिथे खर्डा तपासून घेतला ती असेल, तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

दुसरी खूण जास्त पक्की आहे. काय जुळलंय ते बघा. कुणी दुसऱ्याचा प्रबंध उचलला तर तो निदान ऋणनिर्देश तरी स्वतःचा लिहील. इथे आईवडिलांचे आभार जुळतात, नमुना निवडीचे आकडे जुळतात, मुलाखतीत वर्सोव्याच्या मावशींनी सांगितलेलं वाक्य जुळतं, आणि टायपिंगच्या चुकासुद्धा जुळतात. ‘व्यवसाय’ऐवजी पडलेलं ‘व्यवयास’ दोन्हीकडे त्याच ओळीत असेल, तर दोन्ही प्रती एकाच कीबोर्डवरून आल्या असण्याची शक्यता फार मोठी. पण फक्त शक्यता, बरं का. दुसऱ्याने तुमची फाईल उचलून आधी जमा केली असती तरीही हेच दिसलं असतं. यंत्र या दोन गोष्टींत फरक करू शकत नाही, तो कागदपत्रांनी दाखवावा लागतो.

कागदपत्र म्हणजे पहिल्या तपासणीची पावती. टर्निटिनमध्ये फाईल दिली की डिजिटल पावती मिळते. त्यावर लेखकाचं नाव, शीर्षक, तारीख-वेळ आणि सबमिशनचा क्रमांक असतो. हा क्रमांक जपून ठेवलेला असेल तर बाकी सगळं सोपं. नसेल तर पहिल्या रिपोर्टच्या पीडीएफवर तो सापडतो का बघावं. ज्यांनी ‘सर, फक्त टक्के सांगा’ म्हणत व्हॉट्सॲपवर आकडा तेवढा मागवला होता, त्यांच्याकडे यातलं काहीच नसतं.

आणि दुसऱ्या संस्थेतला साठवलेला मजकूर तुमच्या गाईडना सरळ उघडता येत नाही. तो त्या संस्थेतल्या शिक्षकाच्या ताब्यात असतो. बघायचा तर यंत्रणेमार्फत परवानगी मागावी लागते, आणि ती देणं न देणं समोरच्याच्या मर्जीवर. समोरचे सर निवृत्त झाले असतील, ईमेल बघत नसतील, तर विनंती तशीच पडून राहते.

इतकी काळजी कशाला, गाईड समजून घेतील की, असं वाटू शकतं. पण मधे नियम आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाची वाङ्मयचौर्य रोखण्यासंबंधीची नियमावली २०१८ साली आली. तिच्यात साम्याचे स्तर ठरवले आहेत: १० टक्क्यांपर्यंत किरकोळ, शिक्षा नाही, १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा जमा करायचं, ४० ते ६० मध्ये वर्षभर बंदी, आणि ६० च्या पुढे विद्यार्थ्याची त्या अभ्यासक्रमाची नोंदणीच रद्द. आपल्या विद्यार्थिनीचा ८८ हा आकडा कुणी जसाच्या तसा धरला तर ती थेट शेवटच्या पायरीवर जाते, आणि खरा ६ धरला तर पहिल्याच पायरीवर राहते. एवढी मोठी दरी एका विसरलेल्या फाईलमुळे.

त्याच नियमावलीत बचावाचाही मुद्दा आहे. तिथे वाङ्मयचौर्याची व्याख्याच मुळी दुसऱ्या कुणाचं काम किंवा कल्पना स्वतःची म्हणून मिरवणं अशी आहे. कुठेही प्रसिद्ध न झालेला स्वतःचा खर्डा त्यात बसत नाही. आयोगाने २०२० मध्ये स्वतःच्याच लेखनाच्या पुनर्वापराबद्दल वेगळी सूचना काढली, पण तिचा रोख आधी प्रसिद्ध झालेलं काम नवीन म्हणून पुन्हा छापून त्याचा फायदा घेण्यावर आहे. तुमच्या प्रकरणातला भाग आधीच एखाद्या जर्नलमध्ये आला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ‘माझंच आहे’ पुरत नाही, तसा उल्लेख करावा लागतो. या दोन्हींची गल्लत करू नका, कारण रिपोर्टमध्ये दोन्ही सारखेच लाल दिसतात.

मग करायचं काय? सगळ्यात आधी, काय करायचं नाही ते. घाबरून स्वतःचंच चांगलं वाक्य मोडू नका. पुष्कळ मुलं हेच करतात: साम्य खाली आणायला समानार्थी शब्द घालत सुटतात, आणि ‘लिलाव सुरू होतो’चं ‘बोलीप्रक्रियेस आरंभ होतो’ होतं. भाषा जाते, आणि हाती फारसं काही लागतही नाही. मघाच्या बारा शब्दांच्या वाक्यात ‘सुरू’चं ‘चालू’ करून बघा. सहावा शब्द बदलला, म्हणून तो ज्यात आहे ते पाच तुकडे मोडले, पण पहिला, सातवा आणि आठवा तुकडा शाबूत. त्या तिघांत मिळून बदललेला शब्द सोडता वाक्यातले बाकीचे अकराही शब्द येतात. म्हणजे बारातला एक बदलला आणि जुळणी बारावरून अकरावर आली. आठ हजार शब्द याने मोडायचे तर प्रबंध वाचण्याजोगा उरणार नाही.

योग्य रस्ता कंटाळवाणा आहे, पण सरळ आहे. गाईडना किंवा ग्रंथपालांना पहिल्या तपासणीची पावती दाखवायची, त्यांनी रिपोर्टमध्ये तो स्रोत वगळायचा, आणि मूळ व वगळलेला असे दोन्ही रिपोर्ट, कारण लिहून, सोबत ठेवायचे. फक्त वगळलेला देऊ नका. पुढे कुणी पुन्हा तपासलं आणि ८८ निघाले तर काहीतरी लपवलं असं दिसेल.

दुसरा उपाय मुळावरचा: खर्डा साठ्यातूनच काढून टाकायचा. यात एक गैरसमज फार पसरलेला आहे. असाइनमेंटच्या यादीतून फाईल डिलीट केली की ती गेली, असं शिक्षकांनाही वाटतं. ती फक्त त्यांच्या नजरेआड होते, साठ्यात तशीच राहते. साठ्यातून काढायची तर शिक्षकाने सबमिशनच्या क्रमांकासह तशी विनंती करावी लागते आणि संस्थेच्या प्रशासकाने ती मंजूर करावी लागते. काढलेली फाईल परत येत नाही, म्हणून क्रमांक दोनदा ताडून घ्यावा. आणि विनंती त्याच संस्थेकडून जावी लागते जिथून फाईल चढली होती. गाईड कितीही ज्येष्ठ असोत, दुसऱ्या कॉलेजच्या साठ्याला त्यांचा हात पोचत नाही.

झेरॉक्सच्या दुकानात पैसे देऊन ‘प्लॅगॅरिझम चेक’ करून घेणाऱ्यांची खरी पंचाईत इथे होते. दुकानदाराकडे जे लॉगिन असतं ते कुणाचं, कुठल्या देशातल्या संस्थेचं, हे त्यालाही नीट सांगता येत नाही. पुढे अधिकृत रिपोर्टमध्ये कुठल्या तरी परदेशी विद्यापीठाचं नाव येतं, जिथे तुम्ही कधी पाऊलही ठेवलेलं नाही. आता हा खर्डा तुमचाच हे सिद्ध कसं करणार, आणि काढून टाकायला सांगणार तरी कुणाला? ओळखीचे सर निदान फोन तरी उचलतात.

हे सगळं टाळता येतं ते पहिल्या तपासणीआधीच्या एका सेटिंगमध्ये. टर्निटिनमध्ये असाइनमेंट तयार करताना फाईल कुठे साठवायची ते विचारलं जातं. `Standard paper repository` निवडलं की फाईल सगळ्यांशी ताडायच्या साठ्यात जाते. `No repository` निवडलं की तपासणी पूर्ण होते, सगळ्या स्रोतांशी होते, पण तुमची फाईल पुढच्यांसाठी ठेवली जात नाही. तपासणीच्या कसोशीत काही फरक पडत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण ‘न साठवता तपासलं तर कच्चं तपासलं जाईल’ अशी भीती असते. खर्डा न साठवता तपासावा, अंतिम प्रत साठवून. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या ‘शोधशुद्धी’ योजनेतून विद्यापीठांना २०१९ पासून असं सॉफ्टवेअर मिळतं, आधी उरकुंड, नंतर ड्रिलबिट. तुमच्या संस्थेत जे असेल त्यात साठवणुकीचा पर्याय कुठे आहे आणि सध्या काय निवडलेलं आहे, हे फाईल देण्याआधी विचारा. दिल्यानंतर विचारून उपयोग नाही. ‘जमा’ झालेल्या फाईलला ते सेटिंग मागे जाऊन लागू होत नाही.

साम्य वाढण्याचा आणखी एक रस्ता साठ्याशिवायचा आहे. खर्डा कुणी उघड्या वेबसाईटवर टाकला, मित्राने सगळ्यांना दिसेल अशा लिंकवर ठेवला, किंवा परिषदेच्या स्मरणिकेची पीडीएफ आयोजकांनी साईटवर चढवली, तर तो इंटरनेट स्रोत म्हणून सापडेल. तेव्हा `No repository` काही वाचवणार नाही.

मराठी प्रबंधांच्या बाबतीत एक गमतीदार खड्डा आहे. अजूनही बरेच जण युनिकोडऐवजी जुन्या फॉन्टमध्ये टाईप करतात. पडद्यावर मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. सॉफ्टवेअर ती खिचडीच वाचतं. इंटरनेटवरचं मराठी युनिकोडमध्ये, त्यामुळे बाहेरच्या कशाशीच जुळत नाही आणि रिपोर्ट शून्याच्या आसपास येतो. विद्यार्थी पेढे वाटतो. पण तोच खर्डा साठला असेल आणि अंतिम प्रत त्याच फॉन्टमध्ये असेल, तर खिचडी खिचडीशी अक्षरश: जुळते आणि साम्य नव्वदच्या पुढे जातं. उलट मधे युनिकोडमध्ये रूपांतर करून घेतलं असेल तर जुन्या खर्ड्याशी काहीच जुळणार नाही, आणि बाहेरचे खरे स्रोत पहिल्यांदाच दिसू लागतील. म्हणून मराठी प्रबंधात फक्त आकडा बघू नये. रिपोर्टमधली कुठलीही एक ओळ कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवावी. तिथे मराठीच दिसलं तर तपासणी मराठीची झाली आहे. `¯` आणि `Ö` सारखी चिन्हं दिसली तर पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही रिपोर्टमधले आकडे बाजूला ठेवून फाईल आधी युनिकोडमध्ये आणायची आणि न साठवता नव्याने तपासायची.